मे महिन्यातलं ताडोबा, चार सफारी, सहा माणसं: एका ट्रिपचं पूर्ण प्लॅनिंग

माझ्या मावसभावाने जानेवारीत फोन केला की ताई मे मध्ये मुलांना वाघ दाखवायचाय, शनिवार रविवार जाऊन येतो, एक सकाळची एक दुपारची सफारी बस झाली ना. तेव्हापासून ते मे मध्ये ट्रिप होईपर्यंत काय काय ठरलं आणि का ठरलं, प्रत्यक्षात काय दिसलं, हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय, कारण दर सीझनला कोणी ना कोणी हेच प्रश्न विचारतं.

आधी माणसं सांगते कारण प्लॅन त्यांच्यावरच ठरला. भाऊ, वहिनी, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा, मावशी (वय अडुसष्ट, गुडघे दुखतात पण उत्साह भरपूर) आणि भावाचा मेहुणा. एकूण सहा. ताडोबात एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय ड्रायव्हर आणि गाईड. म्हणजे सहा हा बरोबर भरणारा आकडा. सातवं माणूस आलं की दुसरी जिप्सी, दुसरं परमिट, आणि खर्च सरळ दुप्पट. म्हणून भावाला पहिलंच सांगितलं की नावं आत्ता पक्की कर, नंतर पुतण्या भाचा कोणी वाढवू नकोस.

आता सीझन. मे मध्येच का, हे त्याने फक्त शाळेची सुट्टी म्हणून ठरवलं होतं, पण योगायोगाने वाघाच्या दृष्टीने ते बरोबर होतं. ताडोबा म्हणजे साग आणि बांबूचं पानगळीचं जंगल. कोर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. ऑक्टोबरला उघडतो तेव्हा सगळं हिरवंगार, गवत उंच, रस्त्यापासून चार पावलांवर बसलेला वाघ पण दिसत नाही आणि पाणी प्रत्येक नाल्यात असतं त्यामुळे जनावर कुठेही असू शकतं. डिसेंबर जानेवारीत हवा छान, फोटोला उजेड छान, पण पाणी अजून पसरलेलंच. फेब्रुवारी मार्चमध्ये सागाची पानं गळतात, नजर आतपर्यंत जायला लागते, आणि माझ्या मते लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर हाच सगळ्यात चांगला काळ, पण शाळा चालू. एप्रिल मे मध्ये नाले आटतात, पाणी मोजक्या तलावांवर आणि वनविभागाने भरलेल्या पाणवठ्यांवर उरतं, वाघाला उन्हाचा त्रास होतो म्हणून तो चक्क पाण्यात जाऊन बसतो. म्हणजे मे मध्ये वाघ वाढतात असं नाही, तो कुठे असेल हे ओळखणं सोपं होतं एवढंच. आणि हे पण लक्षात ठेवायचं की मे मध्ये एक जोरदार वळवाचा पाऊस पडला की हा सगळा हिशोब दोन चार दिवसांसाठी मोडतो, खळग्याखळग्यात पाणी साचतं आणि पाणवठ्यावर बसून राहण्याची जनावराला गरजच उरत नाही.

मे ची दुसरी बाजू म्हणजे ऊन. चंद्रपूर जिल्ह्यात मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, आणि जिप्सी उघडी असते. दुपारची सफारी तीनच्या आसपास सुरू होते तेव्हा लोखंडी रॉडला हात लागला तरी भाजतं. मावशीला यात चार तास बसवायचं का? मी सरळ नाही म्हणाले. पण यातून सोपा मार्ग निघतो जो बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही: प्रत्येक सफारीचं परमिट वेगळं असतं आणि त्यावरची नावं पण वेगळी टाकता येतात. म्हणून सकाळच्या सफारींना सहाही नावं, दुपारच्या सफारींना मावशी सोडून पाच. मावशी दुपारी रूमवर कूलरखाली. आधी ती थोडी रुसली, पण ऐकलं.

मग किती सफारी, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि इथेच भावाचा मूळ प्लॅन मला पटला नव्हता. त्याच्या डोक्यात होतं की ताडोबा म्हणजे वाघ दिसतोच. दिसतो, पण कसा ते बघा. २०२२ च्या गणनेत ताडोबात ९७ वाघ होते. ऐकायला भरपूर वाटतं, पण कोर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर, म्हणजे कोरभोवतीचा पट्टा, धरून सगळं मिळून १,७०० च्या वर. त्यातलं पर्यटनाला खुलं असतं ते थोडंच, कोरचा मोठा भाग तर पर्यटकांना बंदच. त्या खुल्या भागातही जिप्सी ठरलेल्या रस्त्यावरूनच जाते, आणि बांबूच्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला दहा पंधरा मीटरच्या पुढे काहीच दिसत नाही. वर वाघ दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो. म्हणजे चार तासांत आपण आणि तो एकाच वेळी त्या चिंचोळ्या पट्टीत असायला हवं.

भावाला मी साधं गणित करून दाखवलं. समजा चांगल्या सीझनमध्ये चांगल्या गेटमधून एका सफारीत वाघ दिसायची शक्यता चाळीस टक्के धरली. हा आकडा कुठल्या सर्वेक्षणातला नाही, हिशोबापुरता धरलाय, तुम्ही तीस धरा पन्नास धरा. चाळीस धरले तर दोन सफारींत एकदा तरी दिसायची शक्यता चौसष्ट टक्के, म्हणजे तीनातलं जवळपास एक कुटुंब रिकाम्या हाताने परत. चार सफारी केल्या तर तीच सत्याऐंशी टक्के. दोनवरून चारवर जाण्याचा फायदा मोठा आहे, चारवरून सहावर जाण्याचा त्यामानाने कमी, आणि मुलं पाचव्या सफारीला कंटाळतात ते वेगळंच. म्हणून चार.

पण या गणितात एक खोट आहे. ते गृहीत धरतं की प्रत्येक सफारी वेगळी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. प्रत्यक्षात तसं नसतं. एका गेटमधून जाणाऱ्या रस्त्यांवर एक दोन वाघिणी आणि एखादा नर यांचा वावर असतो. वाघीण त्या दोन दिवसांत शिकार घेऊन आत झाडीत बसली असेल तर त्याच गेटच्या चारही सफारी कोरड्या जाऊ शकतात. उलट ती पाणवठा धरून असेल तर चारही भरून जातात. म्हणजे सगळ्या सफारी एकाच गेटला घेणं हा सगळंच किंवा काहीच नाही असा प्रकार. वेगवेगळी गेटं घेतली की नशीब वाटलं जातं. पण मग एकच गेट दोनदा घेण्याचा पण एक खरा फायदा असतो, काल कुठे पगमार्क म्हणजे पंजाचे ठसे दिसले, कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागलेल्या हरणांची ओरड कुठून आली, शिकार कुठे झाली हे गाईड लोकांना माहीत असतं आणि दुसऱ्या दिवशी ते कामाला येतं. मी यातला मध्यम मार्ग काढला: कोरचं एक गेट दोन्ही सकाळी, आणि दोन दुपारी बफरची दोन वेगळी गेटं.

कोणती गेटं? इथे नकाशा फसवतो. ताडोबाच्या कोरला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी अशी गेटं आहेत. नकाशावर मोहर्ली आणि कोलारा एकाच जंगलाची दोन टोकं दिसतात, वाटतं जाऊ की इकडून तिकडे. पण जंगलातून आरपार आपली गाडी नेता येत नाही आणि बाहेरून वळसा घालून जायला दोन तासांच्या वर लागतात. सकाळची सफारी दहाच्या सुमारास संपते, अंघोळ जेवण, आणि अडीचला परत गेटवर हजर. त्यात दोन तासांचा वळसा टाकला तर दिवस गाडीतच जातो. म्हणून आधी बाजू निवडायची. मोहर्लीच्या बाजूला कोरचं मोहर्ली गेट आणि जवळच आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची गेटं. कोलाऱ्याच्या बाजूला कोरची कोलारा आणि नवेगाव, आणि बफरची मदनापूर, अलीझंझा वगैरे. चंद्रपूर किंवा बल्लारशाला उतरणाऱ्याला मोहर्ली सोयीचं. हे लोक पुण्याहून रेल्वेने नागपूरला येणार होते, तिथून कोलारा गाडीने अडीच तीन तास, म्हणून कोलारा.

बफर म्हटलं की लोक नाक मुरडतात, कोर म्हणजे खरं जंगल आणि बफर म्हणजे उरलेलं. वाघाला ती रेघ माहीत नसते. बफरमध्ये गावं आहेत, गुरं आहेत, रस्त्यावर सायकलवरून जाणारा माणूस दिसतो, त्यामुळे वातावरण थोडं तुटतं हे खरं. पण ताडोबाच्या बफरमध्ये पिल्लांवाल्या वाघिणी राहतात, मे मध्ये पाणवठ्यांवर बसतात, आणि परमिट पण तुलनेने सहज मिळतं. माझं मत असं की पहिल्यांदा जाणाऱ्याने कोर आणि बफर दोन्ही घ्यावं, आणि परमिट मिळालं नाही म्हणून रडत कोरचीच वाट बघत बसू नये.

वार ठरवताना ताडोबाचा मंगळवार लक्षात ठेवायचा, त्या दिवशी पार्क बंद. भावाचं शनिवार रविवार मी बदलून टाकलं. वीकेंडला फी जास्त आणि गाड्या पण पूर्ण भरलेल्या. त्याऐवजी मंगळवारी पोचायचं, बंदचा दिवस प्रवासात खर्च, बुधवार आणि गुरुवार दोन दोन सफारी, शुक्रवारी सकाळी निघायचं. ऑफिसची सुट्टी जास्त गेली, पण सुट्टी मे मध्ये कशीही घेणारच होता.

आता बुकिंगचा क्रम, कारण यात लोक सगळ्यात जास्त अडकतात. भावाला एका रिसॉर्टची ऑफर आली होती मोहर्लीची, आगाऊ पैसे भरून टाकू का विचारत होता. मी थांबवलं. आधी परमिट, मग राहायचं, मग रेल्वेची परतीची तिकिटं. परमिट कोणत्या गेटचं मिळतं त्यावर हॉटेल कुठे घ्यायचं ते ठरतं, उलटं केलं की पहाटे चारला उठून तासभर गाडी हाकावी लागते. हॉटेलच्या जाहिरातीत ताडोबापासून पाच मिनिटं लिहिलेलं असतं, ते कुठल्या गेटपासून हे विचारायचं, आणि ते कोरचं गेट आहे की बफरचं ते पण.

बुकिंग वनविभागाच्या mytadoba.mahaforest.gov.in या साईटवर होतं. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का ते बघा, कारण सर्चमध्ये वर येणाऱ्या ताडोबा नावाच्या कितीतरी साईट खाजगी एजंटांच्या असतात आणि दिसायला अगदी सरकारी वाटतात. एजंटकडून घ्यायलाच हरकत नाही, पण तो नावं आणि ओळखपत्राचे नंबर न विचारताच कन्फर्म म्हणत असेल तर ते परमिट नाहीच, फक्त आश्वासन आहे. खरं परमिट हातात आलं की त्यावर गेटचं नाव, तारीख, सकाळ की दुपार, आणि प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं. हे चार पाच शब्द नीट वाचायचे. बफरच्या गेटला कोर समजून खुशीत गेलेले लोक मी पाहिलेत.

बुकिंग उघडल्यावर वीकेंडचे आणि सुट्ट्यांचे स्लॉट पटकन जातात. आपल्याला आठवड्यामधले वार हवे होते त्यामुळे कोलारा कोर दोन्ही सकाळी मिळाला, बुधवार दुपार मदनापूर बफर, गुरुवार दुपार अलीझंझा बफर. शेवटच्या क्षणी जाणाऱ्यांसाठी तत्काळ कोटा असतो, पण त्याच्या भरवशावर सहा माणसांची रेल्वे तिकिटं काढू नयेत.

पैशांचं एवढंच सांगते की प्रवेश फी, जिप्सीचं भाडं आणि गाईडची फी हे तीन वेगळे भाग आहेत. पावतीवर कोणता भरला गेलाय ते बघायचं आणि जो राहिला असेल त्यासाठी रोख जवळ ठेवायची, गेटवर नेटवर्कचा भरवसा नसतो. जिप्सी आणि गाईड पाळीने मिळतात, अमुक गाईडच हवा असं चालत नाही. ते योग्यच आहे, नाहीतर गावातल्या चार जणांनाच काम मिळालं असतं.

ट्रिपच्या पंधरा दिवस आधी मेहुण्याचं ऑफिसचं काम निघालं आणि तो गळाला. लगेच भावाचा फोन, त्याच्या जागी शेजारचा मित्र येतोय, नाव बदलून मिळेल का. नाही मिळत. परमिटवरचं नाव आणि गेटवर दाखवायचं मूळ ओळखपत्र जुळलं पाहिजे. नाव असलेलं माणूस आलं नाही तर चालतं, नाव नसलेलं आलं तर गेटवरून परत. जिप्सी पूर्ण घेतलेली असल्यामुळे एक सीट रिकामी गेली आणि खर्च सहाऐवजी पाचात वाटला गेला, एवढंच. मुलांची आधार कार्डं मूळ न्यायला सांगितली, मोबाईलमधला फोटो दाखवून भागेल असं समजू नका, त्यात ताडोबाच्या कोरमध्ये मोबाईल आत नेताच येत नाही, गेटवरच ठेवावा लागतो. फोटो काढायचे तर साधा का होईना कॅमेरा हवा. भावाने मित्राचा मागून घेतला.

आता प्रत्यक्षात काय झालं. बुधवारी पहाटे कोलारा. आत गेल्यावर वीस मिनिटांत मातीच्या रस्त्यावर ताजे पगमार्क. ताजे कशावरून, तर आदल्या दिवशी पार्क बंद होता, पेट्रोलिंगच्या गाडीच्या चाकोरीवर ते उमटले होते आणि कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मग सांबराचा कॉल. इथे एक फरक सांगते, चितळ बऱ्याच गोष्टींना घाबरून ओरडतं, बिबट्या असो रानकुत्रं असो, कधी कधी नुसत्या हालचालीला. सांबर उगाच सहसा ओरडत नाही, त्याचा तो घोगरा आवाज पुन्हा पुन्हा आला तर ड्रायव्हर गाडी बंद करून थांबतो. थांबले अर्धा तास. कॉल हळूहळू लांब गेले, म्हणजे जनावर आत आत निघून गेलं. वाघ नाही. पण गव्यांचा कळप मिळाला, आणि एका नाल्यात रानकुत्र्यांची सात आठ जणांची टोळी पाण्यात लोळत होती. गाईड म्हणाला ही वाघापेक्षा कमी दिसतात, मुलांना ते पटलं नाही आणि आठ वर्षांच्या मुलाला पटावं अशी अपेक्षा पण नाही.

दुपारी मदनापूर. इथे ड्रायव्हरने फिरणं कमी केलं आणि एका पाणवठ्याच्या समोर सावली बघून गाडी लावली. भावाला वाटलं हा पेट्रोल वाचवतोय. पण मे च्या दुपारी हेच बरोबर असतं, फिरत राहिलं की आपण पाणवठ्यावर फक्त दोन मिनिटं असतो आणि जनावर यायची वेळ नेमकी तीच असायला हवी. पाऊण तास काही नाही, मोर, एक डुक्कर. पाच वाजून गेल्यावर वाघीण बांबूतून आली, मागे वळून पाण्यात उलटी शिरली (वाघ बऱ्याचदा असेच उलटे शिरतात, तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून) आणि चाळीस मिनिटं मानेपर्यंत बसून राहिली. तीनच जिप्सी होत्या. याहून चांगलं साईटिंग मिळणं अवघड.

गुरुवारी सकाळी परत कोलारा. कालच्या कॉलच्या भागात मोठा नर रस्ता ओलांडून गेला, जेमतेम आठ दहा सेकंद, आणि तेव्हा पुढेमागे मिळून पंधराएक गाड्या. यांची गाडी सहावी की सातवी. मुलीला पाठ आणि शेपूट दिसली, मुलाला काहीच नाही, मावशीला पुढच्या सीटवर असल्यामुळे पूर्ण दिसला. कागदावर हे पण साईटिंगच, पण बुधवार दुपारच्या चाळीस मिनिटांशी त्याची बरोबरी नाही, म्हणून कोणी दहापैकी आठ सफारीत वाघ दिसतो असं सांगितलं की मी विचारते किती वेळ, किती गाड्यांत, किती अंतरावरून. अशा गर्दीत ड्रायव्हरला गाडी घुसव म्हणून दडपण आणू नका, नियम मोडला तर कारवाई त्याच्यावर होते, त्याचं काम काही दिवस बंद होऊ शकतं.

गुरुवारी दुपारी अलीझंझा. वाघ नाही, पगमार्क पण जुने. एक अस्वल लांबून दिसलं, आणि ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तक पक्ष्यांची जोडी, नराची ती लांब पांढरी शेपटी बघून वहिनीने एवढे फोटो काढले की वाघिणीचे पण तेवढे नसतील.

म्हणजे चारातून दोन, त्यातलं एक उत्तम, एक नावापुरतं, दोन कोरड्या. मे मधल्या ताडोबासाठी मी हे अगदी सरासरी मानेन, नशीब जोरावर होतं असं पण नाही आणि वाईट पण नाही. भावाच्या मूळ प्लॅनमध्ये, एक सकाळ एक दुपार, त्यात दुपारचं गेट दुसरं पडलं असतं तर वाघीण हुकलीच असती.

आता तो डिसेंबरसाठी मध्य प्रदेशच्या बाजूच्या पेंचचं विचारतोय, मंगळवारी पोचून बुधवार गुरुवार असाच कागद परत वापरू का म्हणून. तो कागद तिथे चालत नाही. मध्य प्रदेशात बुधवारची दुपारची सफारी बंद असते, म्हणजे त्याच वारांना चाराच्या तीनच सफारी होतील. तिथलं बुकिंग पण forest.mponline.gov.in वर, गेटं वेगळी, तुरिया, कर्माझिरी, जमतारा. शिवाय डिसेंबर म्हणजे पाणी सगळीकडे, म्हणून हिशोबाला चाळीसऐवजी पंचवीस टक्केच धर म्हटलं. पंचवीसने तीन सफारींत अठ्ठावन्न टक्के निघतात, चारात अडुसष्ट. तो गुरुवार शुक्रवारवर तयार झालाय, नावं अजून पक्की नाहीत.